प्लॅन कॅन्सल करणं वेगळं आणि ऑटोपे बंद करणं वेगळं: स्टोरेज कंपनीकडे रिफंड मागताना हे आधी बघा

क्लाउड स्टोरेजचा पेड प्लॅन बंद केला तरी पैसे कापले गेले, अशी तक्रार कुणी सांगितली की मी आधी एकच विचारते, नक्की काय बंद केलंत? कंपनीच्या अकाउंटमध्ये जाऊन प्लॅन कॅन्सल केलात, की यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बंद केलंत? बरेच जण म्हणतात "तेच ते ना", आणि तिथेच घोळ असतो. दोन्ही ठिकाणी बटण जवळपास सारखंच दिसतं, दाबल्यावर मेसेजही सारखाच येतो, पण एक गोष्ट कंपनीशी आहे आणि दुसरी बँकेशी, आणि तक्रारीचं पत्र कुणाला लिहायचं, त्यात काय मागायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

प्लॅन म्हणजे तुमचा आणि स्टोरेज कंपनीचा व्यवहार. तो कॅन्सल केला की तुम्ही कंपनीला सांगता की पुढच्या महिन्यापासून मला ही जागा नको. याची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये होते आणि बहुतेक वेळा ईमेल येतो. एक गोष्ट इथे हमखास गोंधळात टाकते, कॅन्सल केल्यावर जागा लगेच कमी होत नाही, ज्या महिन्याचे पैसे भरलेत तो संपेपर्यंत चालू राहते, त्यामुळे "अजून 200 जीबी दिसतंय म्हणजे कॅन्सल झालंच नाही" असं वाटून लोक घाबरतात. तिथे जागा बघू नका, तारखेशेजारचं वाक्य वाचा. प्लॅन अमुक तारखेला संपेल असं लिहिलंय, म्हणजे कॅन्सल झालाय, आणि अमुक तारखेला रिन्यू होईल असं लिहिलंय, म्हणजे झालेला नाही, मग तुम्ही तीन स्क्रीन पार करून आला असलात तरी. बऱ्याच ठिकाणी मधे "थांबा, ही सूट घ्या" असा एक स्क्रीन येतो आणि त्याच्या पुढचं शेवटचं बटण दाबायचं राहून जातं.

मँडेट म्हणजे ऑटोपेची परवानगी, जी तुम्ही बँकेला दिलेली असते, की या कंपनीने मागितले की इतक्यापर्यंत पैसे देत जा. यूपीआयवर ही सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 2020 मध्ये आणली, आणि कार्डासाठी रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून सक्तीचे झाले. परवानगी देताना एकदाच पिन किंवा ओटीपी लागतो, त्यानंतर 15,000 रुपयांपर्यंतच्या नेहमीच्या हप्त्याला दर वेळी लागत नाही, म्हणून महिन्याचे दोनशे रुपये गुपचूप जात राहतात. खरं तर अगदी गुपचूप नाही, कारण पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी, त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख असते आणि तो हप्ता नाकारायची सोयही असते. हा मेसेज आपण जाहिरातींच्या ढिगात न वाचता सोडून देतो, पण तक्रारीत तो फार कामाचा पुरावा आहे, डिलीट करू नका.

(आणि ॲप अनइन्स्टॉल केलं तर यातलं काहीच बंद होत नाही, ना प्लॅन ना मँडेट. हे मुद्दाम सांगतेय कारण अजूनही खूप जणांना तसंच वाटतं.)

आता माझ्या घरच्या-शेजारच्या दोन केसेस सांगते, कंपनी कुठली ते सोडा. दोघांचाही महिन्याला 210 रुपयांचा प्लॅन, दोघांचंही रिन्यूअल 18 तारखेला.

शेजारच्या काकूंनी 12 तारखेला अकाउंटमध्ये जाऊन प्लॅन कॅन्सल केला, कन्फर्मेशनचा ईमेल आला, आणि तरी 18 ला यूपीआयवरून 210 रुपये गेले. मँडेट त्यांनी हात न लावता तसंच ठेवलं होतं, पण त्यात त्यांची काही चूक नाही हो, प्लॅनच संपलाय तर कंपनीने बँकेकडे पैसे मागायलाच नको होते. म्हणजे इथे चूक कंपनीची, आणि बँकेच्या बाजूने बघितलं तर चालू परवानगीवर पैसे दिले, त्यामुळे बँकेशी भांडण्यात अर्थ नाही, पत्र सरळ कंपनीला.

चुलतभावाने त्याच 12 तारखेला उलटं केलं, यूपीआय ॲपमधलं ऑटोपे बंद केलं आणि काम झालं असं समजला. कंपनीच्या लेखी प्लॅन चालूच होता, आणि त्याच अकाउंटला त्याचं जुनं क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं ज्याचं मँडेट त्याने कधी काढलंच नव्हतं, तर 18 ला यूपीआयवरून पैसे मिळाले नाहीत म्हणून कार्डावरून घेतले. त्याने रागाच्या भरात "मी कॅन्सल करूनही तुम्ही फसवणूक केलीत" असा मेल टाकला, आणि उत्तर एका ओळीचं आलं की आमच्याकडे कॅन्सलेशनची नोंद नाही. ते खरंच होतं. नंतर त्याने आधी प्लॅन खरोखर कॅन्सल केला आणि मग दुसरा मेल लिहिला, की 12 ला मँडेट बंद केलं होतं कारण प्लॅन पुढे नको होता, रिन्यूअलनंतर एकही फाइल अपलोड केलेली नाही, आता प्लॅनही कॅन्सल केलाय, तर हा एक हप्ता परत करावा. पैसे मिळाले, पण कंपनीने ते एकदाची सवलत म्हणून दिले. त्याने हक्क म्हणून मागितले असते तर पुन्हा नकार आला असता.

काकूंची केस हक्काची होती, म्हणून त्यांचं पत्र छोटं आणि सरळ ठेवलं. कंपनीला इंग्रजीत पाठवलं पण मजकूर आणि क्रम हाच होता:

"माझ्या अकाउंटचा रजिस्टर्ड ईमेल वर दिला आहे. 200 जीबीचा मासिक प्लॅन मी 12 तारखेला रात्री 9:40 वाजता, भारतीय वेळेनुसार, कॅन्सल केला. तुमचा कन्फर्मेशन ईमेल सोबत जोडला आहे, त्यात प्लॅन 18 तारखेला संपेल असं लिहिलं आहे. तरीही 18 तारखेला माझ्या खात्यातून 210 रुपये घेण्यात आले. व्यवहाराचा यूपीआय नंबर आणि बँकेच्या मेसेजचा फोटो सोबत आहे. ही रक्कम कॅन्सलेशननंतर घेतलेली असल्यामुळे पूर्ण परत करावी, ज्या खात्यातून घेतली त्याच खात्यात. प्लॅन बंद असल्याचं आणि यापुढे पैसे घेतले जाणार नाहीत असं लेखी कळवावं. माझ्या फाइल्स डाउनलोड करायला किती मुदत आहे तेही कळवावं."

बस, एवढंच. मी किती वर्षं तुमची ग्राहक आहे, मनस्ताप किती झाला, हे काही लिहिलं नाही, कारण सपोर्टवाला माणूस तीन गोष्टी शोधतो, कॅन्सल कधी झालं, पैसे कधी गेले आणि कुठला व्यवहार. वेळेपुढे भारतीय वेळ लिहायचं कारण असं की परदेशी कंपनीच्या नोंदी बऱ्याचदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे, म्हणून रिन्यूअलच्या आदल्या-मागल्या दिवशी कॅन्सल केलं असेल तर तारखेवरूनच वाद होतो. कार्ड असेल तर स्टेटमेंटवरची तारीखही नीट बघा, व्यवहार 11 चा असू शकतो आणि नोंद 13 ला पडलेली, आणि तुम्ही मधे 12 ला कॅन्सल केलं असेल तर तो हप्ता आधीचाच आहे, त्याचा रिफंड हक्काने मागता येत नाही. पूर्ण कार्ड नंबर पत्रात कधीच देऊ नका, शेवटचे चार आकडे पुरतात, आणि पिन-ओटीपी कुणीही मागितला तरी नाही. सपोर्टचा नंबर सर्चमध्ये शोधून फोन करू नका, तिथे खोटे कस्टमर केअरवाले टपून बसलेले असतात, ॲपच्या किंवा अकाउंटच्या आतूनच लिहा.

पैसे नक्की कुणी घेतलेत हेही पत्राआधी बघा. प्लॅन फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतला असेल तर पैसे स्टोअरकडे जातात आणि स्टोरेज कंपनी म्हणते आम्ही रिफंड करू शकत नाही, ते टाळाटाळ करत नसतात. गूगल प्लेच्या पावतीवर ऑर्डर नंबर GPA ने सुरू होतो, तो दिसला की रिफंड तिथे मागायचा. ॲपलसाठी reportaproblem.apple.com आहे.

बँकेला पत्र लिहायची वेळ वेगळी, म्हणजे तुम्ही मँडेट बंद केलंय, बंद झाल्याचा मेसेज आहे, आणि तरी त्याच मँडेटवर पैसे गेले तेव्हा. तिथे प्लॅनबद्दल लांबलचक सांगू नका, मँडेटचा नंबर, बंद केल्याची वेळ, पैसे गेल्याची वेळ, इतकंच. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण लोकपाल बँकेविरुद्धची तक्रार ऐकतो, स्टोरेज कंपनीविरुद्धची नाही, काकूंसारखी केस तिथे टाकली तर वेळ फुकट जाईल. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असं आहे, हे पत्रात एका ओळीत लिहिलं तर उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

आता एक गोष्ट जी मला खूप महत्त्वाची वाटते. कार्डवाल्या लोकांना कुणीतरी सांगतं की कंपनीला कशाला विचारता, बँकेत डिस्प्यूट टाका, म्हणजे हा व्यवहार मान्य नाही असं कळवा, चार्जबॅक मिळेल, म्हणजे बँकच कंपनीकडून पैसे परत घेऊन देईल. मिळतो कधीकधी. पण चार्जबॅक टाकला की काही कंपन्या अकाउंटच लॉक करतात, आणि स्टोरेजच्या अकाउंटमध्ये तुमच्या मुलांचे फोटो, घराचे कागद असतात, 210 रुपयांसाठी ते अडकवून घेऊ नका. आधी सगळं डाउनलोड करा, एखाद-दोन फोल्डर उघडून फाइल्स नीट उघडतात का बघा, कंपनीला पत्र लिहून उत्तराची वाट बघा, आणि मगच डिस्प्यूट. तसंही प्लॅन संपल्यावर फुकटच्या मर्यादेपेक्षा जास्त डेटा असेल तर नवीन अपलोड थांबतं आणि काही कंपन्या ठराविक मुदतीनंतर डेटा काढूनही टाकतात, म्हणून पत्रातली मुदतीची ओळ गाळू नका.

काकूंना चौथ्या दिवशी "रिफंड प्रोसेस केला" असा मेल आला, पण खात्यात काही दिसेना. अशा वेळी पुन्हा भांडायचं नाही, त्याच मेलला उत्तर देऊन रिफंडचा रेफरन्स नंबर मागायचा, यूपीआय असेल तर आरआरएन, कार्ड असेल तर 23 आकडी एआरएन, आणि तो बँकेला द्यायचा, मग बँकेला पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. त्यांचे पैसे तसेच सापडले, आणि जमा झाल्यावर त्यांनी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ते उरलेलं मँडेटही काढून टाकलं.