शोध आणि शिफारस

मोठ्या साठ्यातला मजकूर वापरकर्त्यापर्यंत पोचवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत. शोधात वापरकर्ता आपली गरज शब्दांत मांडतो आणि यंत्रणा त्या गरजेला जुळणारा मजकूर काढून देते. शिफारशीत कोणी काही विचारलेलेच नसते. आधी काय पाहिले, किती वेळ पाहिले, कुठे मध्येच सोडले यावरून पुढे काय दाखवायचे ते यंत्रणा ठरवते. यूट्यूबवर दोन्ही एकाच पडद्यावर नांदत असल्यामुळे हा फरक चटकन लक्षात येत नाही.

कोकणातल्या हापूसच्या बागेचे उदाहरण घेऊ. मोहोर आला की त्यावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि मोहोर गळू लागतो. बागायतदार मोबाइलवर ‘आंब्यावरील तुडतुडे उपाय’ असे टाकतो. कोणता शब्द कोणत्या व्हिडिओच्या शीर्षकात किंवा वर्णनात आहे याची सूची यंत्रणेने आधीच करून ठेवलेली असते. तिच्यात सगळ्या शब्दांना सारखे वजन नसते. समजा, साठ्यातल्या १,००० व्हिडिओंपैकी २०० मध्ये ‘आंबा’ आहे आणि फक्त १० मध्ये ‘तुडतुडे’. एकूण संख्येला शब्द असलेल्या संख्येने भागून दहाच्या पायाचा लॉगरिदम काढला, तर आंब्याचे वजन सुमारे ०.७ येते आणि तुडतुड्यांचे २. विरळ शब्दाला जास्त वजन देण्याची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ केरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. आजची शोधयंत्रे अर्थाचाही अंदाज बांधतात, पण हा पाया अजून टिकून आहे.

मराठीत इथे एक जास्तीची अडचण येते. ‘आंबा’, ‘आंब्याला’, ‘आंब्यावरील’ हे निव्वळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी तीन निराळे शब्द आहेत. सामान्यरूप ओळखून मूळ शब्दापर्यंत जाण्याची सोय नसेल, तर चांगला मजकूर असूनही हाती लागत नाही. त्यात कोणी ‘tudtude’ असे रोमन लिपीत लिहिले की आणखी एक फाटा फुटतो. म्हणून शोधाला वापरकर्त्याकडून नेमका शब्द हवा असतो आणि मजकुराकडून तोच शब्द, वाचता येईल अशा जागी. ‘मोहोर वाचवायचाय? हे एकदा बघाच!’ या शीर्षकात किडीचे नावच नाही. वर्णनात किंवा उपशीर्षकांतही ते नसेल, तर व्हिडिओ कितीही उत्तम असला तरी शोधात मागे पडण्याचीच शक्यता अधिक.

हाच व्हिडिओ शिफारशीतून मात्र त्या बागायतदारापर्यंत पोचू शकतो. त्याने गेल्या आठवड्यात कलमांच्या छाटणीचा व्हिडिओ पूर्ण पाहिला होता. तो पाहणाऱ्या इतरांनी मोहोराचाही पाहिला असेल, तर एकही शब्द न जुळता दुवा तयार होतो. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये या कामाचे दोन टप्पे वर्णन केले होते. आधी लाखो व्हिडिओंतून काहीशे उमेदवार निवडायचे आणि मग, हा माणूस कोणता किती वेळ पाहील याच्या अंदाजाने त्यांची क्रमवारी लावायची. इथे वापरकर्त्याला काही लिहावे लागत नाही, पण त्याचा इतिहास लागतो. मजकुराला लागतात आधीचे प्रेक्षक, आणि नव्या व्हिडिओकडे नेमके तेच नसतात. मग भाषा, विषय, वाहिनीचे नेहमीचे प्रेक्षक यांच्या आधारे तो थोड्या लोकांपुढे ठेवून पाहावा लागतो.

चूक ओळखण्यातही दोन्हींत फरक आहे. शोध फसला की माणूस शब्द बदलून पुन्हा शोधतो, आणि ती खूण स्पष्ट असते. शिफारस फसली तर नुसती शांतता. व्हिडिओ उघडला नाही म्हणजे तो नको होता की नजरेतून सुटला, हे सहज कळत नाही. घरात एकच फोन असेल तर नातवाचे क्रिकेट आणि आजीचे कीर्तन एकाच इतिहासात मिसळते, आणि यंत्रणेच्या लेखी ती एकच विचित्र आवडीची व्यक्ती ठरते.

२०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींत नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला महत्त्व देणे सुरू केले. क्लिक मिळवण्यासाठी व्हिडिओवर लावल्या जाणाऱ्या फसव्या चित्रांना त्यामुळे आळा बसला, पण दीड मिनिटात फवारणीचे नेमके उत्तर देणाऱ्या व्हिडिओची पंचाईत झाली. शोधणाऱ्याला तो पुरेपूर असतो, मात्र वेळ मोजणाऱ्या यंत्रणेला तोकडा वाटतो. पुढे प्रेक्षकांना समाधान विचारणाऱ्या प्रश्नावल्यांचाही आधार घेतला गेला, तो अशाच उणिवा भरण्यासाठी.

व्हिडिओ करणाऱ्याला आपला प्रेक्षक कुठून आला ते YouTube Studio मध्ये दिसते. ‘YouTube search’ हा शोधाचा स्रोत, तर ‘Suggested videos’ आणि ‘Browse features’ हे मुख्यतः शिफारशीचे. तुडतुड्यांच्या व्हिडिओत पहिल्या स्रोताचा वाटा मोठा असेल, तर दर मोहोराच्या हंगामात आलेख पुन्हा वर चढण्याची अपेक्षा ठेवता येते. शिफारशीवर चाललेला व्हिडिओ सहसा एकदम उसळतो, आणि त्याची ओसरण्याची वेळ हंगामाशी जुळेलच असे नाही.