वाहकता सेलचा स्थिरांक : पोटॅशियम क्लोराइडने निश्चिती आणि तापमान-भरपाई

वाहकता सेलचा स्थिरांक म्हणजे द्रावणाची विशिष्ट वाहकता (κ) आणि त्या सेलमध्ये प्रत्यक्ष मोजली गेलेली वाहकता (G) यांचे गुणोत्तर. सूत्र K = κ / G असे असून एकक प्रति सेंमी आहे. मीटरला फक्त दोन इलेक्ट्रोडमधल्या द्रावणाची वाहकता कळते. ती इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ आणि त्यांच्यातले अंतर यांवर अवलंबून असते, म्हणून एकच द्रावण दोन वेगळ्या सेलमध्ये वेगळे आकडे दाखवते. G ला K ने गुणले की सेलचा आकार हिशेबातून निघून जातो आणि उरतो तो द्रावणाचा गुणधर्म.

१ चौ. सेंमीच्या दोन पट्ट्या १ सेंमी अंतरावर असतील तर K बरोबर १ यायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. विद्युतक्षेत्र पट्ट्यांच्या कडांवरून बाहेर फाकते, शिवाय काळ्या प्लॅटिनमचा थर असलेल्या इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग कालांतराने बदलतो. त्यामुळे पट्टीने अंतर मोजून स्थिरांक काढण्यात अर्थ नाही. ज्याची κ आधीच अचूक ठाऊक आहे असे द्रावण सेलमध्ये घालून G वाचणे हाच मार्ग आहे. सेलवर छापलेला '१.०' हा आकडा ओळखीपुरता धरावा.

या कामासाठी पोटॅशियम क्लोराइड निवडतात ते त्याच्या साध्या स्वभावामुळे. ते अतिशय शुद्ध मिळते, स्फटिकात पाणी धरून ठेवत नाही, वाळवता येते आणि त्याची द्रावणे टिकतात. ०.०१ मोलर द्रावणासाठी ०.७४५६ ग्रॅम वाळवलेले मीठ १ लिटरपर्यंत नेतात. २५° से.ला या द्रावणाची विशिष्ट वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते. जोन्स आणि ब्रॅडशॉ यांनी १९३३ मध्ये दिलेले 'डेमल' द्रावण याच्या अगदी जवळचे असले तरी तेच नव्हे. त्यात १००० ग्रॅम द्रावणात किती मीठ हे ठरलेले असते आणि ०.०१ डेमलची किंमत सुमारे १४०८ येते. बाटलीवर १४०८ असेल तर हिशेबात १४१३ घालू नये. फरक थोडा आहे, पण तो विनाकारण पदरात पडतो.

पाणी स्वतःही थोडे वाहक असते. हवेशी समतोलात आलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून वाहकता सुमारे १ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीपर्यंत येते. १४१३ पुढे ते नगण्य आहे. पण ०.००१ मोलर द्रावणात, म्हणजे सुमारे १४७ पुढे, तीच भर अर्ध्या टक्क्याहून जास्त होते. म्हणून नेहमीच्या कामासाठी ०.०१ मोलर द्रावणच सोयीचे.

खरी मेख तापमानात आहे. पोटॅशियम क्लोराइडची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. ०.०१ मोलर द्रावण २०° ला १२७८, २५° ला १४१३ आणि २९° ला १५२४ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी दाखवते. तापमापक १ अंश चुकला तर स्थिरांक २ टक्के चुकतो. इतकी मोठी चूक मीठ तोलताना क्वचितच होते.

रीत अशी. सेल आधी शुद्ध पाण्याने आणि मग दोन-तीनदा प्रमाणित द्रावणानेच धुतात. धुतलेले द्रावण टाकून देतात, ते बाटलीत परत ओतत नाहीत. ताज्या द्रावणात सेल बुडवून हलके आपटतात, म्हणजे इलेक्ट्रोडवर अडकलेले बुडबुडे सुटतात. सेल बीकरच्या भिंतीपासून आणि तळापासून दूर ठेवतात, नाहीतर बाहेर फाकणारे क्षेत्र भिंतीत अडते. द्रावण आणि सेल दोन्ही स्थिर तापमानाच्या पाण्याच्या बाथमध्ये ठेवून त्याच्या तापमानाला येईपर्यंत थांबतात. आकडा सरकायचा थांबला हीच खूण.

समजा, बाथ नाही आणि द्रावण २९° ला आहे. मीटरची तापमान-भरपाई, म्हणजे वाचन आपोआप २५° वर आणून दाखवण्याची सोय, बंद केली, मीटरमधला स्थिरांक १ ठेवला आणि वाचन १४५१ मायक्रोसीमेन्स आले. या तापमानाची κ १५२४, म्हणून K = १५२४ ÷ १४५१ = १.०५. इथवर सरळ आहे. गोंधळ होतो तो भरपाई चालू की बंद हे न पाहता आकडा उचलल्याने. भरपाई बंद ठेवून सवयीने १४१३ वापरले, तर K = ०.९७४ येतो, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक कमी. उलट भरपाई चालू असेल आणि गुणांक २ टक्के ठेवला असेल, तर मीटर १४५१ ला १.०८ ने भागून १३४४ दाखवतो. त्याची जोड १४१३ शी लावली की K पुन्हा १.०५ येतो. पण कोणी कोष्टकातून १५२४ उचलले, तर एकाच तापमानाची भरपाई दोनदा होऊन K १.१३ वर जातो. नियम एकच : भरपाई बंद असेल तर प्रत्यक्ष तापमानाची κ, चालू असेल तर २५° ची.

आता याच सेलने २९° च्या एका नमुन्याची वाहकता ६१२ मायक्रोसीमेन्स आली. ६१२ × १.०५ = ६४३, ही झाली २९° ची κ. २५° वर आणायला κ₂₅ = κₜ / [१ + α(t − २५)] हे सूत्र लावतात. यात t हे नमुन्याचे तापमान आणि α हा दर अंशाचा तापमान-गुणांक. α = ०.०२ धरल्यास ५९५ आणि ०.०२२ धरल्यास ५९१ येते. चार अंशांच्या अंतरावर गुणांकाचा वाद जेमतेम पाऊण टक्क्याचा आहे. अंतर वाढले की सरळ रेषेचे हे सूत्र लंगडे पडते. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड १०° ला १०२० असते. २ टक्क्यांच्या सूत्राने ते २५° वर आणले तर १४५७ मिळतात, म्हणजे ३ टक्के जास्त. म्हणून थंड नमुना खोलीच्या तापमानावर येऊ देणे हे हुशार सूत्रापेक्षा बरे. नमुना वेगळ्या जातीचा असेल, उदाहरणार्थ आम्लाचा, तर त्याला दोन तापमानांवर मोजून त्याचा स्वतःचा α काढावा. पोटॅशियम क्लोराइडचा गुणांक त्याला लागू होत नाही.

स्थिरांक बरोबर आला की नाही, हे दुसऱ्या तीव्रतेच्या द्रावणाने तपासतात. ०.१ मोलरची किंमत २५° ला १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी आहे. त्यात K वर सरकलेला दिसला, तर इलेक्ट्रोडवर ध्रुवीभवन होत आहे किंवा त्यांच्यावरचा काळा थर झिजला आहे असे समजावे. अशा वेळी सेल जास्त K चा घ्यावा. ०.००१ मोलरमध्ये K खाली सरकला, तर पाणी किंवा सेल अस्वच्छ असल्याचा संशय घ्यावा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल, तर आधी तापमापक तपासावा.

अतिशुद्ध पाण्यात मात्र २ टक्क्यांची भरपाई सोडूनच द्यावी लागते. २५° ला त्याची वाहकता सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते आणि ती पाण्याच्या स्वतःच्या आयनीकरणाने ठरते. त्यामुळे तिचा तापमान-गुणांक दर अंशाला ५ टक्क्यांच्या आसपास जातो. अमेरिकी औषधकोशाची शुद्ध पाण्याची वाहकता-चाचणी म्हणूनच भरपाई बंद ठेवून, त्या-त्या तापमानासाठी दिलेल्या मर्यादेशी ताडून करतात.