रिलेटिव्ह मेजरने पट्टी चढत नाही

“मायनर गाणं शेवटी त्याच्याच रिलेटिव्ह मेजरवर नेलं की पट्टी चढते ना?”

नाही. हार्मोनियमवर पांढरी सहाचा मायनर आणि त्याचा रिलेटिव्ह मेजर, म्हणजे पांढरी एकचा मेजर, दोन्हींचे सातही सूर तेच, सगळे पांढरे. बदलतो फक्त सा. गाणं उजळतं, चढत नाही.

पट्टी खरंच चढवायला सांगलीत गणपतीच्या तालमीत आम्ही पांढरी एकमधलं शेवटचं ध्रुवपद पांढरी दोनवर नेलं. काळी एक आणि काळी तीन हे दोन सूर नव्याने आले. त्याआधी एक आवर्तन पांढरी सहाचा मेजर कॉर्ड धरला होता. त्यातली काळी एक ऐकली की कान आपोआप नव्या साकडे ओढला जातो. चाल तीच, पण प्रत्येक सूर दोन अर्धस्वर वर, म्हणून गळ्यावरचा ताणही ऐकू येतो, आणि खरी उचल तिथेच आहे.

ध्रुवपदातला सगळ्यात वरचा सूर मात्र आधी गाऊन बघा. तो फाटत असेल तर काळी एकवरच थांबा.