मेल, फोटो आणि पासवर्ड: माघारी कोणाला, कसे?

मृत्युपत्र करायला आलेले लोक फ्लॅट, एफडी, सोनं सगळं सांगतात, पण मेल आणि फोटोंचं आम्हीच विचारावं लागतं. मागे एक काकू आल्या होत्या. काकांनी डायरीत जीमेलचा पासवर्ड लिहून ठेवलेला, पण तो जुना निघाला, नवीन करायला गेलं तर ओटीपी काकांच्या नंबरवर, आणि रिचार्ज न केल्यामुळे तो नंबर कधीच बंद झालेला. नातवाच्या बारशाचे फोटो त्या अकाउंटमध्येच अडकले.

म्हणून पहिलं काम जिवंतपणी गुगलमध्येच करायचं. myaccount.google.com/inactive इथे जा, अकाउंट किती महिने वापरात नसेल तर पुढची कारवाई करायची ते निवडा (3, 6, 12 किंवा 18), मग ज्यांना डेटा द्यायचा त्यांचे मेल आयडी आणि मोबाईल नंबर टाका. 10 जणांपर्यंत चालतात. मुदत संपली की त्यांना मेल जातो आणि फोटो वगैरे डाउनलोड करायला 3 महिने मिळतात, पासवर्ड मात्र कोणालाच मिळत नाही. यात एक गोम आहे: गेलेल्या माणसाचा ॲन्ड्रॉइड फोन घरात चालू राहिला तर गुगलला अकाउंट वापरात आहे असंच वाटू शकतं आणि मुदत सुरूच होत नाही. त्यामुळे सिम काढून दुसऱ्या साध्या हँडसेटमध्ये घाला, रिचार्ज करत राहा आणि मूळ फोन बंद करून ठेवा.

आता मृत्युपत्र. त्यात पासवर्ड लिहू नका, ते पुढे बँकेत, कोर्टात कित्येकांच्या हातातून जातं, शिवाय पासवर्ड बदलला की दरवेळी नवीन मृत्युपत्र करत बसणार का? एवढंच लिहा: "माझ्या ऑनलाइन अकाउंटमधले फोटो, मेल आणि कागदपत्रं यांची प्रत घेण्याचा आणि अकाउंट बंद करण्याचा अधिकार माझ्या मुलीला देत आहे." खाली तुमची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदार शक्यतो असे निवडा ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही. रजिस्टर करणं बंधनकारक नाही, पण कागदावरच करा, कारण आयटी कायदा, 2000 मृत्युपत्राला लागू होत नाही, म्हणून डिजिटल सही केलेली पीडीएफ मृत्युपत्र ठरत नाही.

पासवर्ड वेगळ्या सीलबंद पाकिटात, वर तारीख घालून. फोनचा पिन, मेलचा पासवर्ड आणि बॅकअप कोड, बस. पासवर्ड बदलला की आतला कागद बदला. पण कोणाला काय द्यायचं हे या पाकिटात लिहू नका, साक्षीदारांशिवायच्या त्या कागदाला मृत्युपत्राचं वजन नसतं.

आणि हो, पाकिटात नेटबँकिंगचा पासवर्ड अजिबात नको. खातेदार गेल्यावर त्याच्या नावाने लॉगिन करून पैसे वळवले की उरलेले वारस तक्रार करू शकतात, मुलगा असला तरी. तिथे मृत्यूचा दाखला घेऊन शाखेतच जायचं. पाकीट कुठे ठेवलंय ते मात्र घरात एकाला तरी आजच सांगून ठेवा, आमच्याकडे ठेवायचं असेल तर पोच घेऊन जा.