प्रभातफेरी की शतपावली? बॅजवर काय छापायचं

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी चालणारा आमचा ग्रुप, वयं 34 पासून 81 पर्यंत, आणि बॅज छापायचे ठरले तेव्हा नावावरून दोन तट पडले, अर्धे म्हणाले प्रभातफेरी, अर्धे म्हणाले शतपावली, आणि बऱ्याच जणांना वाटत होतं दोन्हीचा अर्थ एकच. तसं नाहीये.

प्रभातफेरी म्हणजे गाणी म्हणत, घोषणा देत गल्लीतून निघालेली मिरवणूक. स्वातंत्र्य चळवळीत अशा फेऱ्या निघायच्या, शाळांच्या अजूनही 15 ऑगस्टला निघतात. म्हणजे वेळ बरोबर आहे पण काम वेगळं, शिवाय फेरीत सगळे एका रांगेत एका चालीने जातात, आमच्यात कोणी भरभर पुढे जातं, कोणी दर बाकावर टेकतं.

शतपावली उलट. चाल अगदी संथ, ज्येष्ठांना झेपणारी, पण ती घालायची जेवण झाल्यावर. 81 वर्षांच्या आजी सरळ म्हणाल्या, "शतपावली मी रात्री अंगणात घालते, इथे मी चालायला येते." त्यांना ते नाव कमी लेखल्यासारखं वाटलं आणि मला ते पटलं.

आता बॅज. आमचा गोल बॅज 44 मिमीचा, कडेची जागा सोडून मजकुराला जेमतेम 35 मिमी. दोन्ही नावं पाच-पाच अक्षरांची, पण अक्षरं मोजून कळत नाही कारण काना आणि वेलांटीचा दांडाही जागा खातो, ते धरून दोन्ही सात घरांची होतात, म्हणजे एका ओळीत प्रत्येक घराला 5 मिमी. चष्म्याशिवाय वाचायला हे बारीक. दोन ओळी केल्या तर अक्षर मोठं होतं, पण खरी गंमत तिथेच आहे. 'प्रभात' खाली 'फेरी' आलं की प्र ची खालची तिरकी रेघ आणि फे ची वरची मात्रा एकमेकांना भिडतात, मग ओळी एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात आणि मोठं केलेलं अक्षर परत लहान होतं. शतपावली तोडली तर वर 'शत' दोन घरं, खाली 'पावली' पाच, खालची ओळच कडेला जाते.

शेवटी शतपावलीतली पावलं तेवढी ठेवली आणि नाव केलं 'हसरी पावलं'. वर चार घरं, खाली चार, वरच्या ओळीला खाली लोंबणारी मात्रा नाही आणि खालच्या ओळीवर फक्त एक अनुस्वार, त्यामुळे घराला साधारण 8 मिमी मिळाले. नावात वय नाही, वेळ पण नाही, पण बॅज आम्ही सकाळीच लावतो ना. तो अनुस्वार मात्र छपाईवाल्याला जाड करायला सांगा, नाहीतर बारीक ठिपका उडतो आणि 'हसरी पावल' उरतं.

ऑर्डर द्यायच्या आधी तिन्ही नावं खऱ्या मापात साध्या कागदावर छापून गोल कापली आणि आजींसमोर दोन पावलांवर धरली, चष्मा काढून. त्यांनी हे एकच न अडखळता वाचलं.