पीएलसी पॅनलमधील २४ व्होल्ट डीसी वीजवाटप

पीएलसी पॅनलमधील सेन्सर, इनपुट-आउटपुट कार्डे, रिले आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांना २४ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो. त्याची क्षमता ठरवणे, त्याच्या शाखा पाडणे आणि प्रत्येक शाखेला योग्य फ्यूज देणे ही कामे सहसा वेगवेगळी केली जातात. प्रत्यक्षात ती एकत्रच करावी लागतात, कारण दोष आल्यावर फ्यूज उडेल की नाही हे पॉवर सप्लाय किती प्रवाह देऊ शकतो आणि दोषापर्यंतची वायर किती लांब आहे यांवर अवलंबून असते.

उदाहरणादाखल ६४ प्रॉक्सिमिटी सेन्सर, १६ फोटो सेन्सर आणि २० व्हॉल्व्ह असलेले पॅनल घेऊ. प्रॉक्सिमिटी सेन्सर स्वतः सुमारे १२ मिलिअँपिअर घेतो आणि त्याचे आउटपुट चालू असताना पीएलसीचा इनपुट आणखी सुमारे ६ मिलिअँपिअर ओढतो. हा दुसरा आकडा हिशेबात हमखास राहून जातो. दोन्ही धरून ६४ सेन्सरना १.१५ अँपिअर लागतात. फोटो सेन्सर प्रत्येकी ४० मिलिअँपिअर धरल्यास ०.६४ अँपिअर, ४.८ वॅटचे २० व्हॉल्व्ह एकाच वेळी चालू धरल्यास ४ अँपिअर आणि पीएलसी, एचएमआय व रिले मिळून १.५ अँपिअर अशी बेरीज ७.३ अँपिअरच्या आसपास जाते. त्यावर पाव भाग राखीव ठेवला की १० अँपिअरचा सप्लाय पुरेसा ठरतो. मात्र पॅनलच्या आतले तापमान जास्त असेल, तर डेटाशीटमधील तापमानाचा आलेख पाहून ही क्षमता कमी धरावी लागते.

सर्व सेन्सरना मिळून १.८ अँपिअरच लागतात म्हणून त्यांच्यासाठी सी प्रकारची एकच ४ अँपिअरची एमसीबी बसवण्याची पद्धत आहे. ती धोक्याची आहे. अशी एमसीबी तत्काळ ट्रिप होण्यासाठी एसीवर तिच्या मानांकनाच्या ५ ते १० पट प्रवाह लागतो आणि डीसीवर त्याहूनही जास्त. म्हणजे गरज कित्येक दहा अँपिअरची, तर १० अँपिअरचा स्विचिंग सप्लाय शॉर्टच्या वेळी स्वतःला वाचवण्यासाठी त्याच्या मानांकनापेक्षा थोड्याच जास्त प्रवाहावर थांबतो. मग एमसीबी तशीच राहते, पूर्ण पॅनलचे व्होल्टेज कोसळते आणि पीएलसी रीसेट होतो.

लांब केबलमध्ये हाच दोष ओळखणे आणखी कठीण जाते. ०.२५ चौरस मिलिमीटरची तांब्याची सेन्सर केबल ४० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ८० मीटर वायरचा रोध सुमारे ५.७ ओहम होतो. टोकाशी केबल चिरडून शॉर्ट झाली, तरी प्रवाह ४.२ अँपिअरपलीकडे जात नाही. बाकी सेन्सरचा प्रवाह मिळवला तरी ४ अँपिअरच्या एमसीबीतून ६ अँपिअर वाहतात आणि ती कित्येक मिनिटे तशीच राहू शकते. व्हॉल्व्ह बंद असताना एकूण भार ७.५ अँपिअरच भरतो, म्हणून सारे ठीक दिसते. सगळे व्हॉल्व्ह चालू झाले की तो ११.५ वर जातो आणि व्होल्टेज खाली येते. पीएलसी यंत्राच्या ठरावीक टप्प्यावरच रीसेट होत असेल, तर संशय आधी प्रोग्रॅमवर जातो. त्याच टप्प्यावर सप्लायचे व्होल्टेज आणि प्रवाह मोजला की खरे कारण कळते.

म्हणून सेन्सर १६-१६ च्या गटांत विभागणे श्रेयस्कर. प्रॉक्सिमिटी सेन्सरच्या प्रत्येक गटाला ०.२९ अँपिअर लागतात, त्यासाठी ०.५ अँपिअरचा जलद फ्यूज पुरतो. वरच्या उदाहरणातले ४.२ अँपिअर त्याच्या आठपटीहून जास्त असल्याने तो मिलिसेकंदांतच उडतो, आणि बंद पडतात ते फक्त १६ सेन्सर. फोटो सेन्सरच्या गटाला याच हिशेबाने १ अँपिअरचा फ्यूज द्यावा. फ्यूज उडेपर्यंतचा क्षणही सप्लायने पेलायला हवा. काही सप्लाय थोडा वेळ दीडपट प्रवाह देऊ शकतात, ते येथे उपयोगी पडतात. व्हॉल्व्हची शाखा वेगळ्या सप्लायवर घेता आली, तर पीएलसीला आणखी संरक्षण मिळते. इलेक्ट्रॉनिक सर्किट ब्रेकर ठरवलेल्या प्रवाहावर स्वतःच शाखा तोडतो आणि दोषाची सूचना पीएलसीला देतो, परंतु तो महाग पडतो.

फ्यूज फक्त धन वायरमध्ये घालावा आणि शून्य व्होल्टची पट्टी एकाच ठिकाणी अर्थला जोडावी. त्यामुळे धन वायर यंत्राच्या सांगाड्याला टेकताच फ्यूज उडतो. पट्टी अर्थला जोडलेली नसेल, तर असा पहिला दोष लक्षातच येत नाही.

एलईडी असलेल्या फ्यूज टर्मिनलवर तपासणी करताना एक काळजी घ्यावी लागते. फ्यूज उडालेला असतानाही एलईडीतून थोडासा प्रवाह पुढे जातो आणि पुढची वायर सुटी असेल, तर मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सेन्सर जोडलेला ठेवून मोजल्यास तेच व्होल्टेज खाली पडते आणि फ्यूज उडाल्याचे स्पष्ट होते.