तीन पाईल, चार पाईल आणि चुलीचे तीन दगड

कोल्हापुरात पुष्कळ ठिकाणी मुरूम किंवा काळा खडक इतका वर लागतो की इमारतीसाठी साधा पाया पुरतो. पंचगंगेच्या बाजूला मात्र काळ्या मातीचा आणि गाळाचा थर जाड असला, तर कॉलमचा भार पाईलमार्फत, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांमार्फत, खाली खडकापर्यंत न्यावा लागतो. अशाच एका साइटवर एका कॉलमखाली ५०० मिलिमीटर व्यासाचे तीन पाईल आखले होते. पहिल्याच पाईलच्या बोअरमध्ये वरच्या थरात मोठा गोटा लागला, पलीकडे लगेच हद्दीची भिंत होती, म्हणून मिस्त्रीने बोअर घेण्याचा ट्रायपॉड १५० मिलिमीटर आत, म्हणजे कॉलमच्या दिशेने, सरकवून बोअर पूर्ण केला आणि काँक्रीटही भरले. सायंकाळी आम्हाला कळले तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच होते, की "साहेब, वीतभरसुद्धा नाही सरकला."

ही वीत किती महाग पडते हे कळण्यासाठी आधी मूळ आखणी पाहू. कॉलमवरून येणारा भार १५० टन होता. पाईलच्या डोक्यांवर बसणारा काँक्रीटचा जाड ठोकळा, म्हणजे पाईल कॅप, स्वतः सुमारे ८ टनांचा होता. एकूण १५८ टन. एका पाईलची सुरक्षित क्षमता ६० टन धरलेली होती. तीन पाईल समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर, एकमेकांपासून १५०० मिलिमीटरवर होते आणि कॉलम त्रिकोणाच्या मध्यबिंदूवर होता, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५३ टन येत होते.

पाईलमधील अंतर मीटरमध्ये न सांगता व्यासाच्या पटीत सांगण्याची पद्धत आहे, आणि तिला कारण आहे. जो पाईल आपला भार मुख्यतः बाजूच्या मातीशी होणाऱ्या घर्षणातून उतरवतो, तो आपल्याभोवतीची माती व्यासाच्या काही पटींपर्यंत ताणतो; शेजारचा पाईल फार जवळ असला तर दोघेही त्याच मातीवर हक्क सांगतात आणि गटाची ताकद सुट्या पाईलच्या बेरजेपेक्षा कमी भरते. म्हणून आयएस २९११ ही भारतीय संहिता घर्षणाच्या पाईलसाठी मध्यापासून मध्यापर्यंत किमान ३ व्यास अंतर सांगते. टोकाने कठीण थरावर टेकलेला पाईल असेल तर किमान २.५ व्यास चालतात; खडकावर संहिता २ व्यासांचीही मुभा देते, पण आम्ही २.५ चीच मर्यादा धरली होती. त्याहून जवळ गेल्यास शेजारचा बोअर घेताना ताज्या काँक्रीटला धक्का बसण्याची भीती असते. उलट अंतर उगाच वाढवले तर कॅप लांबरुंद होते आणि तिच्या तळाच्या सळया वाढतात, कारण कॉलमचा भार कॅपमधून तिरका उतरून पाईलच्या डोक्यांवर जातो आणि ती डोकी बाहेर फाकू नयेत म्हणून तळाच्या सळया त्यांना बांधून धरतात. आम्ही ३ व्यास घेतले होते, म्हणजे धरलेल्या किमान मर्यादेपेक्षा पाव मीटर जास्त.

आता सरकलेला पाईल. उरलेल्या दोन पाईलना जोडणारी रेषा ही तराजूची दांडी जेथे टेकते ती जागा समजा. या रेषेपासून कॉलम ४३३ मिलिमीटरवर होता आणि पहिला पाईल १२९९ वर. ४३३ हे १२९९ च्या बरोबर तिसरा हिस्सा, म्हणून भारही तिसरा हिस्सा. पाईल १५० ने आत आल्यावर ते अंतर ११४९ झाले, आणि ४३३ ला ११४९ ने भागून १५८ ने गुणले की ५९.५ टन येतात. म्हणजे जवळ आलेला पाईल जास्त ओढतो आणि उरलेले दोघे ४९ टनांवर उतरतात. ६० टनांची मर्यादा कागदावर अजून ओलांडलेली नसली, तरी वाऱ्यामुळे किंवा भूकंपामुळे कॉलमच्या पायथ्याशी येणाऱ्या वळणासाठी, म्हणजे कॉलमला कलंडवू पाहणाऱ्या जोरासाठी, काहीच शिल्लक राहत नाही. या व्यासाच्या उभ्या पाईलला संहिता ७५ मिलिमीटरपर्यंतच चूक माफ करते. तेवढ्यावर याच हिशेबाने ५६ टन आले असते.

साइटवर लगेच सूचना आली, की एक पाईल वाढवून चार करा म्हणजे विषयच संपला. गणित वरवर सोपे दिसते: कॅप मोठी होऊन १२ टनांची झाली तरी १६२ टनांचे चार वाटे ४०.५ टनांचे होतात. कॉलमला वळण असेल तर चारचा चौकोन खरोखरच उजवा ठरतो, कारण तो दोन्ही दिशांना सारखाच पाय रोवून उभा असतो. पण चारच्या गटात एक खोड आहे, आणि ती स्वयंपाकघरात रोज दिसते. तीन दगडांच्या चुलीवर पातेले कधी डुगडुगत नाही. दगड उंचसखल असले तर ते कलते, पण तिन्ही दगडांवर टेकतेच. चार पायांचा चौरंग मात्र फरशीवर एक पाय अधांतरी ठेवून डुलतो, आणि तेव्हा त्याच्यासमोरच्या कर्णावरच्या पायावरही भार उरत नाही.

चार पाईलचे तेच होते. भार बरोबर मध्यावर असेल तर तोल साधण्यासाठी कर्णावरच्या समोरासमोरच्या पाईलवर नेहमी सारखाच भार यावा लागतो. समजा, एका पाईलचा तळ गाळ नीट न काढल्यामुळे मऊ राहिला आणि तो इतरांच्या निम्माच ताठ आहे. मग तो आणि त्याच्यासमोरचा निर्दोष पाईल दोघेही सुमारे ३२ टन घेतात, आणि दुसऱ्या कर्णावरचे दोघे सुमारे ४९ टनांवर जातात. तो पाईल पूर्ण निकामी असेल तर उरलेल्या तिघांना ५४ टन येतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात निव्वळ तोलाच्या हिशेबाने दोघांना ८१ टन येतात आणि तिसरा निर्दोष असून रिकामा राहतो. वरच्या बीमांमुळे हे आकडे थोडे सौम्य होतात, एवढेच. तीनच्या गटात एखाद्या पाईलचा मऊपणा वाटणी बदलत नाही. तो पाईल जास्त खचतो, कॅप कलते आणि चूक लवकर डोळ्यांवर येते. येथे बेसॉल्ट कुजताना मुरुमात कठीण गोटे तसेच उरतात आणि चिझलला, म्हणजे बोअरमध्ये आपटायच्या जड छिन्नीला, ते खडकासारखेच लागतात, त्यामुळे एखादा पाईल खऱ्या खडकावर न टेकता गोट्यावर टेकणे ही येथे काल्पनिक शक्यता नाही. म्हणून शेजारच्या बोअरपेक्षा एखादा बोअर बराच वर थांबला, तर पुढे चिझल मारून पाहिल्याशिवाय काँक्रीट भरू देऊ नये.

आमच्या सुदैवाने उरलेले दोन पाईल अजून बोअर व्हायचे होते. पहिला पाईल कॉलमपासून ७१६ मिलिमीटरवर आला होता. त्याच्या निम्मे ३५८, म्हणून त्या दोघांची रेषा कॉलमपासून ४३३ ऐवजी ३५८ वर आणली. दोघांना प्रत्येकी ७५ मिलिमीटर आत घेतल्यावर वाटणी पुन्हा तीन समान वाट्यांची झाली. पहिल्यापासून त्यांचे अंतर १३१० मिलिमीटर भरले, म्हणजे १२५० च्या मर्यादेच्या आत आम्ही गेलो नाही. ३ व्यास ठेवताना जो पाव मीटर हाताशी राहिला होता, त्यातलाच बराचसा येथे खर्च झाला. नवे खुंटे ठोकून झाल्यावर मिस्त्रीने फीत स्वतः धरून तीनही अंतरे दोनदा मोजली, आणि मगच ट्रायपॉड हलवला.